पहिले तीन सेकंद आणि शेवटची ऑर्डर

लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढून घरपोच विकणारा एक व्यावसायिक डोळ्यासमोर आणा. सांगली, बार्शी, जळगाव, कुठलाही. त्याने तीस सेकंदांची एक रील बनवून घेतली आहे. त्यात घाणा फिरताना दिसतो, तेल गाळून डब्यात भरलं जातं, पाच लिटरच्या डब्याची किंमत येते आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करा असं सांगितलं जातं. अडलंय ते सुरुवातीपाशी. लोक अंगठ्याने स्क्रीन वर सारत जातात, आणि थांबायचं की पुढे जायचं हे दोन-तीन सेकंदांत ठरतं. या पहिल्या तुकड्यालाच जाहिरातवाले ‘हुक’ म्हणतात.

त्याच्याकडे दोन हुक आहेत. पहिल्यात कढईत उकळणारं तेल दिसतं आणि आवाज येतो, “तुम्ही रोज खाताय ते तेल कसं काढलंय, माहीत आहे?” दुसऱ्यात तराजूच्या पारड्यात शेंगदाणे ओतले जातात आणि आवाज सांगतो, “एक लिटर तेलाला एवढे शेंगदाणे लागतात. अडीच किलो.” पहिल्याला आपण ‘प्रश्न’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘तराजू’. यातला कोणता जास्त तेल विकेल?

दोन्ही हुक खरे असले पाहिजेत, ही अट चाचणीच्या आधीची आहे. “बाजारातलं तेल म्हणजे विष” असा हुक कदाचित सगळ्यांत जास्त लोकांना थांबवेल. पण न सिद्ध झालेली गोष्ट किती लोकांना थांबवते हे मोजल्याने ती खरी होत नाही, आणि दुसऱ्यांच्या मालाची बदनामी जाहिरात नियमांतही बसत नाही. असा हुक चाचणीपर्यंत पोचूच नये.

आता मांडणी. दोन्ही व्हिडिओंत पहिले तीन सेकंद सोडून सगळं सारखं हवं. सगळं म्हणजे खरोखर सगळं: निवेदकाचा आवाज, पार्श्वसंगीत, खालचा मजकूर, किंमत, बटण. हुकची लांबीही तेवढीच. एक हुक तीन सेकंदांचा आणि दुसरा सहाचा असेल, तर एका व्हिडिओत किंमत तीन सेकंद उशिरा येते, आणि शेवटी दिसलेला फरक हुकमुळे पडला की किंमत उशिरा दिसल्यामुळे, हे सांगता येत नाही. व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणारं स्थिर चित्र मात्र हुकचाच भाग धरावं. ‘तराजू’वर कढईचं चित्र लावून ठेवलं, तर चाचणी दोन हुकांची राहतच नाही.

दोन्ही जाहिराती एकाच वेळी चालल्या पाहिजेत. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी, असं केलं तर मधे पगाराची तारीख येते, सण येतो, बाजारात तेलाचा भाव हलतो. अमेरिकेतल्या जुन्या जाहिरातकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. टपालाने माल विकणाऱ्यांच्या जाहिरातीत खाली कापून पाठवायचं कूपन असे आणि त्यावर एक खूण छापलेली असे. कुठल्या जाहिरातीचं कूपन परत आलं ते खुणेवरून कळे. क्लॉड हॉपकिन्सचं १९२३ सालचं ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक या मोजणीवरच उभं आहे. पुढे वर्तमानपत्रांनी त्यात आणखी एक सोय केली. एकाच दिवसाच्या अंकात एका प्रतीत एक जाहिरात आणि पुढच्या प्रतीत दुसरी, अशा आलटून पालटून प्रती छापायच्या. एकाच गल्लीत, एकाच सकाळी, दोन्ही जाहिराती पोचत. कोणाला कोणती मिळाली हे त्या माणसाच्या वयावर, खिशावर किंवा आवडीवर अवलंबून नसे.

आपल्या तेलवाल्याकडे कूपन नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप आहे. मेटाच्या जाहिरातीतून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की ग्राहकाच्या पुढ्यात आधीच लिहिलेला मेसेज येईल अशी सोय करता येते. एका जाहिरातीत तो मेसेज “तेलाची माहिती हवी आहे, क्र. ११” असा ठेवावा आणि दुसरीत “क्र. १२”. आकडे मुद्दाम मुके आहेत. मेसेजना उत्तर देणाऱ्याला, समजा घरातल्या पुतण्याला, ११ म्हणजे कोणता हुक हे सांगायचं नाही. त्याला ‘तराजू’ची कल्पना आवडली असेल, तर तिकडून आलेल्या ग्राहकाला तो नकळत लवकर उत्तर देईल, दोनदा आठवण करेल, आणि ऑर्डरी हुकच्या खात्यात जमा होतील. काही ग्राहक तो क्रमांक पुसून स्वतःचा मेसेज लिहितील. त्यांच्यासाठी तिसरा रकाना ठेवावा. “हा बहुतेक तराजू बघून आला असेल” असा अंदाज करून त्यांना कुठल्याही बाजूला टाकू नये.

यानंतरची चूक सगळ्यांत जास्त वेळा होते. लोक दोन्ही व्हिडिओ एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकतात आणि चाचणी झाली असं समजतात. पण तिथे पैसे वाटून देणारी यंत्रणा निम्मे-निम्मे देत नाही. पहिल्या थोड्या प्रतिसादांवरून जी जाहिरात बरी वाटली तिच्याकडे ती बहुतेक पैसे वळवते. दुसरी जेमतेम काही लोकांना दिसते. दोन दिवसांनी एकीला नव्वद टक्के खर्च मिळालेला दिसतो, आणि आपण म्हणतो की ती जिंकली. प्रत्यक्षात दुसरीला पुरेशी संधीच मिळालेली नसते. म्हणून अ‍ॅड्स मॅनेजरमधली ए/बी टेस्टची वेगळी सोय वापरावी. ती लोकांचे दोन गट पाडते, एका गटाला एकच जाहिरात दाखवते आणि पैसे सारखे वाटते.

तिथेही एक बारकावा उरतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पडतात हे खरं. पण त्या गटातल्या नेमक्या कोणाला जाहिरात दाखवायची, हे दोन्ही बाजूंना यंत्रणाच ठरवते, आणि प्रत्येक जाहिरातीसाठी वेगळं ठरवते. ‘प्रश्न’ तिला आरोग्याचे व्हिडिओ बघणाऱ्या पन्नाशीपुढच्या लोकांना दाखवावासा वाटेल, ‘तराजू’ स्वयंपाकाचे व्हिडिओ बघणाऱ्या तिशीतल्या बायकांना. म्हणजे शेवटी तुलना फक्त दोन हुकांची राहत नाही. हुक आणि त्याला मिळालेला प्रेक्षक अशा दोन जोड्यांची होते. मायकेल ब्रॉन आणि एरिक श्वार्ट्झ या अभ्यासकांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. तेलवाल्याला याचं फार वाईट वाटायला नको. त्याला जाहिरात तिथेच चालवायची आहे, आणि तिथे कोणती जोडी जास्त तेल विकते हे त्याला कळतंच. मात्र “लोकांना भीतीपेक्षा हिशेब जास्त पटतो” असा निष्कर्ष काढून त्याने तो एसटी स्टँडवरच्या फलकालाही लावला, तर त्याला या चाचणीचा आधार नाही. निकालाबरोबर वय आणि स्त्री-पुरुष अशी फोड बघितली, की दोन्ही बाजूंचे प्रेक्षक किती वेगळे होते याचा काहीसा अंदाज येतो.

आता चाचणी सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवायचं. निकाल कशावर ठरवणार? ऑर्डरींवर. किती दिवस? पूर्ण सात, म्हणजे शनिवार-रविवार एकदा येऊन जाईल. ऑर्डरी कधीपर्यंत मोजणार? जाहिरात थांबल्यावर आणखी सात दिवस, कारण सातव्या दिवशी मेसेज करणारा चार दिवसांनी डबा मागवतो. घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरी परत आल्या तर? त्या वजा. हे आधी लिहिलेलं नसलं, तर पुढे पाच-सहा आकडे समोर येतात आणि ज्या आकड्यात आपला आवडता हुक पुढे आहे तोच महत्त्वाचा वाटायला लागतो.

पुढचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी मी घेतलेले आहेत, कुणाच्या खात्यातले नाहीत. दोन्ही बाजूंना रोज ५०० रुपये, सात दिवसांत प्रत्येकी ३,५०० रुपये आणि प्रत्येकी साधारण ३०,००० माणसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल उघडला तर ‘प्रश्न’कडून ७८ मेसेज आले आहेत आणि ‘तराजू’कडून ४९. इथेच बहुतेक चाचण्या संपतात. ‘तराजू’ बंद करून सगळे पैसे ‘प्रश्न’कडे वळवले जातात. तेलवाला थांबला, आणि दोन आठवड्यांनी त्याचा तक्ता असा भरला: तीन सेकंद थांबलेले लोक ‘प्रश्न’कडे ९,६०० आणि ‘तराजू’कडे ७,२००, मेसेज २१० आणि १८०, पोचलेल्या ऑर्डरी २४ आणि ३९.

तीन रकान्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांना थांबवण्यात ‘प्रश्न’ पुढे, मेसेजमध्येही थोडा पुढे, आणि विक्रीत मागे. हे उलटसुलट वाटलं तरी अशक्य नाही. काळजीने थांबलेला माणूस “खरंच भेसळ असते का हो?” असं विचारतो आणि समाधान झालं की निघून जातो. तराजू बघून थांबणारे कमी असतात, पण हा डबा महाग का आहे याचं उत्तर त्यांना पहिल्या तीन सेकंदांतच मिळालेलं असतं, त्यामुळे किंमत ऐकून ते दचकत नाहीत. ही कारणं पटण्यासारखी आहेत, आणि म्हणूनच सांभाळून वापरायची. ऑर्डरी उलट्या आल्या असत्या, तरी तितकीच पटणारी कारणं आपल्याला सुचली असती. आधी फरक खरा आहे का ते बघावं, मग कारण शोधावं.

त्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. दोन्ही बाजूंना सारखीच माणसं आणि सारखेच पैसे मिळाले असतील, आणि मोजायची गोष्ट हजारांत थोड्यांकडूनच घडत असेल, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. दोन आकड्यांतला फरक त्याहून मोठा असेल, तरच दोन्ही हुक सारखे असताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास किंवा खाली येते. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे होतं.

ऑर्डरी घेऊ. २४ आणि ३९ मिळून ६३. वर्गमूळ ७.९, दुप्पट १५.९. फरक १५. म्हणजे जेमतेम का होईना, कमीच. हे मनाला लवकर पटत नाही, कारण ३९ हे २४ पेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आहेत आणि ६३ टक्के हा आकडा फार मोठा दिसतो. पण एक रुपयाचं नाणं ६३ वेळा उडवलं, तर छापा आणि काटा यांच्यात इतकी किंवा याहून जास्त तफावत शंभरात साधारण आठ वेळा आपोआप पडते. म्हणजे दोन्ही हुक अगदी सारखे असते, तरी असा तक्ता अधूनमधून भरलाच असता.

मेसेज बघा. २१० आणि १८० ची बेरीज ३९०, वर्गमूळ १९.७, दुप्पट साडेएकोणचाळीस. फरक ३० चा. इथेही काही सिद्ध होत नाही. आता त्या दुसऱ्या संध्याकाळकडे पुन्हा बघू. ७८ आणि ४९ ची बेरीज १२७, दुप्पट वर्गमूळ साडेबावीस, आणि फरक २९. त्या संध्याकाळी हाच हिशेब केला असता, तर ‘प्रश्न’ परीक्षेत उत्तीर्ण झाला असता. सातव्या दिवशी तो नापास आहे.

हिशेब एकच आणि निकाल दोन, कारण शंभरात पाचाची हमी एकदाच बघणाऱ्यासाठी असते. आकडे रोज थोडे वर-खाली होत असतात. दर वेळी बघायचं आणि फरक मोठा दिसला की तिथेच थांबायचं ठरवलं, तर त्या हेलकाव्यांतला एखादा उंच क्षण आपण सहज पकडतो. संख्याशास्त्रज्ञांनी हे १९६९ सालीच मोजून दाखवलं होतं: दोन बाजूंत काहीच फरक नसताना, पाच वेळा बघणाऱ्याला खोटा विजेता मिळण्याची शक्यता पाचाऐवजी सुमारे १४ टक्के होते, दहा वेळा बघणाऱ्याला १९ टक्के. आकडे बघायला हरकत नाही. जाहिरात नीट दिसते आहे ना, मेसेज येतो आहे ना, दोन्ही बाजूंना पैसे सारखे जात आहेत ना, हे बघितलंच पाहिजे. निर्णय मात्र ठरलेल्या दिवशी.

तीन सेकंद थांबलेल्यांचा फरक, २,४०० माणसांचा, कुठल्याही हिशेबाने पक्का आहे. म्हणजे आपल्या हातात एक पक्की गोष्ट आहे जिच्यावर धंदा चालत नाही, आणि एक कच्ची गोष्ट जिच्यावर चालतो. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये पहिला आकडा दोन तासांत दिसतो आणि दुसरा दोन आठवड्यांनी वहीत सापडतो, म्हणून बरेचजण पहिल्यालाच निकाल मानतात. माझ्या मते या कामातली सगळ्यांत महागडी सवय हीच आहे. लोक का थांबले नाहीत, हे शोधताना तीन सेकंदांचा आकडा उपयोगी पडतो. कोणती जाहिरात ठेवायची, हे त्याने ठरवू नये.

मग तेलवाल्याने काय करावं? एक मार्ग म्हणजे चाचणी अशीच पुढे चालू ठेवायची आणि फरक १६ च्या वर गेला की थांबायचं. ते वरच्याच चुकीचं दुसरं रूप झालं. त्यापेक्षा तीच चाचणी पुन्हा नव्याने करावी, तेवढेच पैसे आणि तेवढेच दिवस, आणि दुसऱ्या फेरीचे आकडे आधी स्वतंत्रपणे बघावेत. समजा दुसऱ्या फेरीत ‘प्रश्न’च्या २९ ऑर्डरी आल्या आणि ‘तराजू’च्या ३७. कल तोच आहे, पण ६३ टक्क्यांची आघाडी २८ वर आली. असं घडणं नेहमीचंच आहे. पहिल्या फेरीत जो ठळकपणे पुढे दिसतो, त्याच्या आघाडीत बरेचदा थोडी गुणवत्ता आणि थोडं नशीब मिसळलेलं असतं. दुसऱ्या फेरीत नशीब पुन्हा तसंच साथ देईल असं नाही, त्यामुळे आघाडी सहसा आटते.

दोन्ही फेऱ्या मिळून ५३ आणि ७६. बेरीज १२९, दुप्पट वर्गमूळ २२.७, फरक २३. केसाएवढ्या अंतराने पास. पण आपण दोनदा बघितलं आहे, आणि दोनदा बघणाऱ्याने दुपटीऐवजी साधारण २.२ पट अंतर मागायला हवं, म्हणजे २५. तेवढं नाही. आणखी एक हिशेब केला तर कळतं की या आकड्यांवरून ‘तराजू’ची खरी आघाडी एका टक्क्यापासून ते जवळजवळ दुपटीपर्यंत कुठेही असू शकते. वहीत लिहायचं वाक्य असं: “तराजू बहुधा पुढे आहे, किती पुढे, ते या चाचणीतून कळत नाही.”

हे वाक्य निर्णयाला पुरेसं आहे का, हे निर्णय केवढा आहे त्यावर ठरतं. दोन्ही व्हिडिओ तयार आहेत, एक चालवायला दुसऱ्यापेक्षा एक पैसाही जास्त लागत नाही. अशा वेळी जो पुढे झुकलेला दिसतो तोच चालवावा. चुकलो तरी नुकसान फारसं नाही. पण तराजूच्या कल्पनेवर आणखी दहा व्हिडिओ काढून घ्यायचे आणि वर्षाचं बजेट तिकडे वळवायचं असेल, तर इतका पुरावा तोकडा आहे. आणि पुरावा किती गोळा करावा लागेल, हेही आधी सांगता येतं. प्रत्येक बाजूला तीसच्या आसपास ऑर्डरी येत असतील, तर दुपटीच्या जवळपासचा फरकच भरवशाने पकडता येतो. २५ टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर मागे असलेल्या बाजूलाच २८० च्या वर ऑर्डरी हव्यात. आठवड्याला साठ डबे विकणाऱ्याला तेवढ्यासाठी दोन-तीन महिने लागतील, आणि तोवर तेच हुक बघून बघून लोक कंटाळलेले असतील.

म्हणून छोट्या व्यावसायिकाने दोन हुक एकमेकांपासून खूप लांबचे निवडावेत. “अडीच किलो शेंगदाणे” विरुद्ध “२.५ किलो शेंगदाणे”, किंवा पिवळी अक्षरं विरुद्ध पांढरी, असल्या फरकांचा निकाल त्याच्या आकड्यांत कधीच दिसणार नाही, जे दिसेल ते नाण्याच्या छाप्या-काट्यासारखं. भीती विरुद्ध हिशेब, गिऱ्हाइकाचा अनुभव विरुद्ध घाण्याचा आवाज, किंमत सुरुवातीलाच विरुद्ध किंमत शेवटी, असे वेगवेगळ्या दिशांचे हुक असले, तर निदान मोठा फरक पडण्याची शक्यता असते.

आपल्या यंत्रणेवर शंका असेल, तर एकदा ‘तराजू’ विरुद्ध ‘तराजू’ अशीच चाचणी लावून बघावी. व्हिडिओ एकच, क्रमांक दोन. निकाल सारखाच यायला हवा, पण तंतोतंत सारखा येणार नाही, आणि किती वेगळा येतो ते स्वतःच्या वहीत बघणं फार उपयोगाचं आहे. फरक वर्गमुळाच्या दुपटीच्या बराच बाहेर गेला, तर हुकचा विचार बाजूला ठेवून मोजणी तपासावी: क्रमांक अदलाबदल झाले का, एका बाजूला पैसे कमी गेले का, पुतण्या एका क्रमांकाला रात्रीच उत्तरं देत होता का.

निकालाला तारीखही असते. ही चाचणी जूनमध्ये झाली असेल, तर दिवाळीच्या आधी तिच्यावर विसंबू नये. फराळासाठी तेल घेणारी माणसं एकदम पाच-दहा लिटर घेतात आणि त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो: चकली किती तेल पिते, तळून उरलेलं तेल पुन्हा वापरता येतं का. नवरात्रात दोन्ही हुक पुन्हा समोरासमोर लावावेत, वहीत नवं पान घ्यावं, आणि पहिल्या ओळीत पुन्हा तेच लिहावं: निकाल कशावर, किती दिवस, ऑर्डरी कधीपर्यंत मोजायच्या.